कॉन्ट्रॅक्टरचा हप्ता अडवताना मेसेज कसा लिहावा: फिनिशिंग, उशीर आणि रकमेचा हिशेब

प्रश्न: घराच्या रिनोव्हेशनचा तिसरा हप्ता कॉन्ट्रॅक्टर मागतोय, पण बाथरूममध्ये पाणी साचतं, हॉलच्या काही टाइल्स पोकळ वाजतात, एका भिंतीची पुट्टी लाटालाटांची दिसते, आणि काम ठरल्यापेक्षा पाच आठवडे मागे आहे. (त्यातले काही दिवस आमच्यामुळेही गेले, टाइल निवडायला वेळ लागला, मग बेसिनची जागा बदलली.) हप्ता सध्या देत नाही हे त्यांना लेखी कसं कळवावं, म्हणजे भांडणही होणार नाही आणि काम अर्धवट सोडून ते जाणारही नाहीत?

उत्तर:

मी बरीच वर्षं साइट सुपरव्हिजन आणि बिल तपासायचं काम करतोय, मालकांच्या बाजूनेही केलंय आणि कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूनेही. त्या अनुभवावरून आधी एक सांगतो, मेसेजमधले शब्द कडक की नरम याने फार फरक पडत नाही, रक्कम कशी काढली यावर सगळं ठरतं. "काम नीट नाही म्हणून हप्ता देणार नाही" असं लिहिलं की समोरच्याला एवढंच कळतं की पैसे अडकले, कशाने सुटतील ते कळत नाही, मग तो लेबर दुसऱ्या साइटवर नेतो आणि तुमचे फोन घेणं बंद करतो. त्याऐवजी "या हप्त्यातले इतके आज देतोय, इतके या तीन कामांसाठी थांबवलेत, आणि प्रत्येक काम झालं की त्याचे पैसे त्याच वेळी सोडतो" असं लिहिलं तर त्याला माणसं परत साइटवर पाठवायला कारण मिळतं.

मेसेज लिहायच्या आधी तीन गोष्टी करा. पहिली, करार काढून वाचा. हप्ता कशावर देय होतो ते बघा, "टाइल्स आणि पुट्टी पूर्ण झाल्यावर" असं लिहिलंय की नुसती तारीख लिहिलीय. पैसे थांबवायचे असतील तर किती दिवस आधी लेखी कळवायचं अशी अट काही करारांत असते, ती असेल तर पाळा, नाहीतर तुमची बाजू बरोबर असूनही तुम्हीच पैसे बुडवणारे ठरता. काम पास करायचा अधिकार आर्किटेक्टला दिला असेल तर पाहणी आणि यादी त्यांच्याकडून करून घ्या.

दुसरी गोष्ट, दोष मोजा. "टाइल्स खराब बसवल्या" हा दोष नाही, ते तुमचं मत झालं, आणि मतावर वाद कितीही घालता येतो.

बाथरूमपासून सुरू करतो, कारण तिन्हीतलं सगळ्यात महागडं काम तेच आहे. ओल्या जागेत फरशीला नहाणी ट्रॅपकडे साधारण १०० ला १ इतका तरी ढाळ लागतो, म्हणजे मीटरमागे एक सेंटीमीटर. समजा लांबचा कोपरा ट्रॅपपासून दीड मीटरवर आहे, तर कोपरा ट्रॅपपेक्षा साधारण १५ मिलीमीटर वर असायला हवा. लेव्हल ट्यूब किंवा लेझर लावून बघा, आणि तिथे ४ मिलीमीटरच निघाले तर वाद संपला. मग एक बादली पाणी त्या कोपऱ्यात ओता, अर्धा तास थांबा आणि जे पाणी उरलं त्याच्या कडेने खडूने रेघ मारून पट्टी ठेवून फोटो काढा. टाइलच्या सांध्यापाशी पातळ ओल राहणं चालतं, डबकं राहणं चालत नाही.

हॉलच्या टाइल्स लाकडी दांड्याने किंवा नाण्याने वाजवून बघा, भरीव टाइलचा आवाज घट्ट येतो आणि पोकळ टाइलचा खालून रिकामा येतो. एखाद्या कडेला थोडंसं पोकळ वाजलं म्हणून पैसे अडवू नका, ते कुठेही सापडतं. पण टाइलचा मोठा भाग किंवा कोपरे पोकळ असतील तर बहुतेक वेळा अ‍ॅडहेसिव्ह खाचांच्या थापीने सगळीकडे न पसरवता मध्ये मध्ये गोळे ठेवून टाइल दाबलेली असते, आणि अशा टाइलच्या कोपऱ्यावर जड वस्तू पडली की ती तडकते. पोकळ टाइलवर मास्किंग टेप चिकटवून नंबर टाका आणि वरून एक फोटो घ्या ज्यात सगळे नंबर एकत्र दिसतील.

टाइल्स वर-खाली लागत असतील तर एक खातरजमा आधी करा. उरलेल्या दोन कोऱ्या टाइल्स समोरासमोर ठेवून दाबून बघा, दोन्हींच्या मध्ये कुठेही, कडेला किंवा मध्यभागी, फट दिसली तर टाइलच वाकडी आहे, आणि टाइल तुम्ही आणून दिली असेल तर तो दोष मिस्त्रीच्या माथी मारता येत नाही. लांबट टाइल्स विटांसारख्या अर्ध्यावर सरकवून लावायला तुम्हीच सांगितलं असेल तरीही तसंच, कारण वाकडेपणा मध्यभागी जास्त असतो आणि अर्ध्यावरच्या पॅटर्नमध्ये एका टाइलचा मध्य शेजारच्या टाइलच्या टोकाशी येतो, त्यामुळे फरक जास्तीत जास्त दिसतो. हे तुम्ही आधीच तपासलंय असं कॉन्ट्रॅक्टरला दिसलं की तो तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर सहसा वाद घालत नाही.

पुट्टीसाठी टॉर्च भिंतीला टेकवून उजेड आडवा सोडा, लाटा लगेच दिसतील. सध्या फक्त पुट्टी झालीय म्हणून ही तपासणी रास्त आहे, आता पॉलिश पेपर आणि एक हात पुट्टी एवढ्यावर भागतं. रंगाचा शेवटचा हात झाल्यावर मात्र टॉर्च लावून दोष शोधू नका, तेव्हा नेहमीच्या उजेडात दोनेक मीटरवरून जे दिसतं तेवढंच धरायचं, नाहीतर जगातली कुठलीच भिंत पास होणार नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे रकमेचा हिशेब, आणि लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात. मनातल्या रागाचा आकडा लिहायचा नाही. प्रत्येक दोष दुसऱ्या माणसाकडून दुरुस्त करून घ्यायला किती खर्च येईल ते एका दुसऱ्या मिस्त्रीकडून लेखी घ्या, त्यात तोडफोड, मटेरियल, मजुरी, डबर उचलणं सगळं धरा. त्यावर थोडा वरचा भाग ठेवा, कारण दुसऱ्याचं काम दुरुस्त करायला येणारा माणूस जास्त घेतो आणि तोडल्यावर खाली काय निघेल ते आधी कळत नाही. मी साधारण दीडपट धरतो. तोडल्यावर खाली काय निघेल याचा काहीच अंदाज नसेल तर दुप्पटपर्यंत जातो, त्यापुढे नाही, कारण त्यापुढे तो हिशेब राहत नाही, दंड होतो.

समजा तुमचा तिसरा हप्ता म्हणजे १०० भाग. बाथरूमची फरशी काढून परत करायला २० भाग, हॉलच्या नऊ टाइल्स बदलायला ६, भिंतीला २, असे मिळून २८. त्याची दीडपट ४२. म्हणजे ४२ भाग थांबवायचे आणि ५८ भाग आजच द्यायचे. हे ५८ देणं तुम्हाला जड जाईल, पण त्यातून तो लेबरचे पगार आणि दुकानदाराची उधारी देतो, आणि ज्या कामाबद्दल तुमची तक्रारच नाही त्याचे पैसे अडवले तर काम थांबवायचं रास्त कारण तुम्ही त्याच्या हातात दिलंत असं होतं. उरलेल्या ४२ मध्ये बाथरूमचे ३०, हॉलचे ९ आणि भिंतीचे ३ असे वेगवेगळे लिहा. फक्त तुम्ही आधी दिलेले पैसे झालेल्या कामापेक्षा जास्त तर नाहीत ना ते एकदा जुळवून बघा, कारण बऱ्याच ठिकाणी पहिला अ‍ॅडव्हान्सच इतका मोठा असतो की तिसऱ्या हप्त्यापर्यंत मालकाच्या हातात धरायला काही उरलेलंच नसतं, तसं असेल तर आज द्यायचा भाग कमी करा आणि का कमी केला तेही लिहा.

बाथरूमचा आकडा मोठा का, ते त्यांना समजावून लिहा. ढाळ सुधारायचा म्हणजे टाइल्स आणि खालचा मसाला काढावा लागतो, आणि तो काढताना खालच्या वॉटरप्रूफिंगला छिन्नी लागण्याची शक्यता खूप असते. कॉन्ट्रॅक्टर घाईत नुसत्या टाइल्स बदलून देईल, पाणी साचणं थांबेल, आणि काही महिन्यांनी खालच्या छताला ओल येईल. म्हणून अट अशी घाला की टाइल्स काढल्यावर वॉटरप्रूफिंग दोघांनी मिळून बघायचं, जिथे फाटलं तिथे परत करायचं, कोट पूर्ण सुकू द्यायचा, ट्रॅप बंद करून २४ तास पाणी भरून ठेवायचं, खाली ओल आली नाही हे बघायचं, आणि मगच नवीन टाइल लावायची. ट्रॅपभोवतीची जागा आणि भिंत-फरशीचा कोपरा नीट बघा, गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

आता उशीर. उशीर आणि खराब काम एका रकमेत मिसळू नका. दोष दुरुस्त करता येतो, उशीर करता येत नाही, म्हणून दोघांचा हिशेब वेगळा असतो. तुमचे पाच आठवडे उलगडून बघा. समजा टाइल निवडण्यात दोन आठवडे गेले आणि बेसिन हलवल्यामुळे पाइपलाइन परत करण्यात एक, तर हे तीन आठवडे तुमच्या बाजूचे. उरले दोन. हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत तर दोन आठवड्यांवर बोलणं होईल, नाही लिहिलंत तर तो आधी ते तीन आठवडे काढेल आणि तुमचा सगळा मेसेजच खोटा ठरवेल. करारात उशिराची कपात ठरलेली असेल तर ती दोन आठवड्यांची लावा आणि कलम दाखवा. ठरलेली नसेल तर मनाने काही कापू नका, या उशिरामुळे खरोखर जास्तीचं भाडं वगैरे भरावं लागलं असेल तर पावत्या ठेवून द्या आणि तो विषय शेवटच्या हिशेबाला राखून ठेवतोय एवढं लिहा.

या सगळ्यावरून मेसेज साधारण असा होतो, तुमच्या तारखा आणि रकमा टाकून घ्या:

"नमस्कार भाऊ,
काल फोनवर बोललो तेच लिहून पाठवतोय, म्हणजे दोघांकडे राहील. तिसऱ्या हप्त्याची तुमची मागणी मिळाली. स्वयंपाकघराच्या टाइल्स, प्लंबिंग आणि दोन्ही बेडरूमची पुट्टी व्यवस्थित झालीय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. त्यासाठी हप्त्यातले ५८ टक्के आज तुमच्या खात्यावर पाठवलेत.

बाकीचे ४२ टक्के खालच्या तीन कामांसाठी थांबवलेत. फोटो आणि मोजमापं सोबत आहेत.

एक, बाथरूमची फरशी. लांबच्या कोपऱ्यापासून ट्रॅपपर्यंत दीड मीटरला १५ मिलीमीटर ढाळ हवा, तो ४ मिलीमीटर आहे, बेसिनखाली पाणी साचतं. फरशी काढून ढाळ परत करायचा, वॉटरप्रूफिंग दोघांनी बघायचं, २४ तास पाणी भरून तपासायचं, मग टाइल. यासाठी ३० टक्के.

दोन, हॉलमधल्या नऊ टाइल्स कोपऱ्यांपासून पोकळ आहेत, नंबर टाकलेत. त्या काढून पूर्ण अ‍ॅडहेसिव्हवर परत बसवायच्या. यासाठी ९ टक्के.

तीन, हॉलची खिडकीसमोरची भिंत. प्रायमरच्या आधी पुट्टी सरळ करायची. यासाठी ३ टक्के.

जे काम पूर्ण होईल ते आपण एकत्र बघू आणि बरोबर असेल तर त्याचे पैसे त्याच दिवशी देईन, तिन्ही संपेपर्यंत थांबवणार नाही.

वेळेबद्दल: हा टप्पा पाच आठवडे मागे आहे. त्यातले तीन आठवडे टाइलची निवड आणि बेसिनचा बदल यामुळे आमच्याकडून गेले, ते मला मान्य आहे. उरलेल्या दोन आठवड्यांचं कारण तुम्ही लिहून कळवा. वरची तीन कामं कधी सुरू आणि कधी पूर्ण होतील त्या तारखा, आणि पुढच्या टप्प्याचं नवीन वेळापत्रक या शुक्रवारपर्यंत पाठवा.

यातलं काही तुम्हाला पटत नसेल तर शनिवारी सकाळी साइटवर या, मिस्त्रींनाही आणा, लेव्हल लावून एकत्र बघू. आज दिलेले पैसे म्हणजे या तीन कामांना मंजुरी नाही."

या मेसेजमध्ये धमकी नाही, वकिलाचं नाव नाही, "तुम्ही फसवलंत" नाही. पुढे कधी तिसऱ्या माणसासमोर हा मेसेज वाचायची वेळ आली तर त्याला फक्त मोजमापं, पैसे आणि तारखा दिसल्या पाहिजेत. शेवटची ओळ मात्र काढू नका, पैसे दिले म्हणजे काम मान्य केलं असं म्हणायची वाट तिच्यामुळे बंद होते. आणि हे सगळं एका मेसेजमध्ये एकाच माणसाने पाठवा, घरातल्या दोघांनी वेगवेगळं लिहिलं तर कॉन्ट्रॅक्टर त्यातलं नरम वाक्य धरून बसतो.

शनिवारी तो आला तर बहुतेक वेळा दोन गोष्टी म्हणेल. एक, "पाणी वायपरने ओढून घ्या, सगळ्यांच्या घरी साचतं." त्यावर वाद न घालता परत बादली ओता आणि लेव्हल त्याच्याच मिस्त्रीच्या हातात द्या. दुसरं, "पूर्ण हप्ता द्या, मग सगळं एकदम करून देतो." इथे तुम्ही ढिले पडलात की हातातली एकमेव गोष्ट गेली. पण त्याची अडचण खरी असू शकते, नव्या टाइल्स आणि वॉटरप्रूफिंगचं मटेरियल आणायला पैसे नसतील, तेव्हा त्याच्या थांबवलेल्या रकमेतूनच मटेरियल तुम्ही थेट दुकानात पैसे भरून घ्या आणि बिलाचा फोटो त्याला पाठवा. मी हे अनेकदा करायला लावलंय आणि अडकलेलं काम त्याने पुढे सरकतं.

तो आला, बघितलं आणि मान्य केलं तर तिथेच तिन्ही कामांपुढे तारखा लिहून दोघांनी सह्या करा. दुरुस्तीनंतर तपासणीही तशीच करा जशी आधी केली, तोच कोपरा, तीच बादली, त्याच नंबरच्या टाइल्स. नऊपैकी सात नीट वाजल्या तर सातच्या प्रमाणात पैसे सोडा, नऊ होईपर्यंत सगळे अडवू नका.

आणि शुक्रवारपर्यंत काहीच उत्तर आलं नाही तर लगेच दुसरा मिस्त्री लावून फरशी तोडू नका. एकदा तोडलं की ४ मिलीमीटरचा ढाळ होता हे दाखवायला काही उरत नाही, आणि दुरुस्तीची संधीच दिली नाही असंही तो म्हणू शकतो. दुसरा लेखी मेसेज पाठवा, त्यात पहिल्याचा उल्लेख, आणखी सात ते दहा दिवसांची मुदत, आणि त्यानंतर दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च थांबवलेल्या रकमेतून वळता करू एवढं स्पष्ट लिहा. कराराची रक्कम मोठी असेल तर हा दुसरा मेसेज पाठवायच्या आधी एखाद्या वकिलाला करार आणि पहिला मेसेज दोन्ही दाखवा. मुदत गेली तर तोडायच्या आधी कॉन्ट्रॅक्टरशी संबंध नसलेल्या एखाद्या इंजिनियरकडून मोजमापांसकट पाहणी अहवाल घ्या, तोडताना व्हिडिओ करा, काढलेल्या पोकळ टाइल्सपैकी दोन-तीन मागच्या बाजूचे अ‍ॅडहेसिव्हचे गोळे दिसतील अशा जपून ठेवा, आणि दुरुस्तीला थांबवलेल्या रकमेपेक्षा कमी खर्च आला तर उरलेले पैसे हिशेबासकट त्याला परत करा.